रोमच्या मेनूकार्डाचा फोटो मराठीत आणताना: कोणतं नाव फोडायचं, कोणतं तसंच ठेवायचं

रोममध्ये त्रात्तोरिया म्हणतात ती साधी, घरगुती धाटणीची हॉटेलं. तिथल्या मेनूकार्डावर फोनचा कॅमेरा धरला की ओळींवर मराठी अक्षरं उमटतात खरी, पण गोड पदार्थांच्या यादीत ‘इंग्रजी सूप’ दिसतं, तळणाच्या यादीत ‘टेलिफोनवर’ असलेलं काहीतरी दिसतं, आणि मुख्य जेवणात एक पदार्थ ‘तोंडात उडी’ मारतो. शब्दाला शब्द धरला तर यातलं काहीच चुकीचं नाही. ‘त्सुप्पा इंग्लेजे’चा शब्दशः अर्थ इंग्रजी सूपच, फक्त तो केक आणि कस्टर्डचे थर लावलेला गोड पदार्थ आहे. सुप्ली हा तळलेला भाताचा गोळा मोडला की आतलं मोझ्झारेल्ला चीज टेलिफोनच्या वायरीसारखं ताणलं जातं, म्हणून तो ‘आल तेलेफोनो’. आणि सालतिम्बोक्का म्हणजे वासराच्या मांसाचे पातळ काप.

हे तिसरं नाव आपल्यासाठी महत्त्वाचं. ग्रुपमध्ये अंडंही न खाणारी मावशी असते, मासे-चिकन चालणारा पण बीफ-पोर्क न खाणारा भाऊ असतो. त्यांना मेनूकार्डातून एकच गोष्ट कळायला हवी: ताटात काय येणार. म्हणून कॅमेऱ्याने दिलेल्या मराठीवर विसंबू नका. आदल्या रात्री मुक्कामाच्या खोलीत बसून, नेटवर टाकलेल्या किंवा दारात लावलेल्या मेनूच्या फोटोवरून स्वतः एक पान तयार करा. पुढे सगळी उदाहरणं रोमचीच घेतली आहेत. मिलान किंवा नेपल्सला पदार्थ बदलतील, रीत हीच राहील.

फोटो आणि त्यातला मजकूर

कार्ड प्लास्टिकमध्ये घातलेलं असतं, त्यामुळे फ्लॅश बंद ठेवा आणि कार्ड खिडकीकडे थोडं तिरकं धरा. प्रत्येक पानाचा वेगळा फोटो घ्या. विभागाचं शीर्षक आणि पानाच्या तळाची बारीक टीप दोन्ही फोटोत आली पाहिजेत. बहुतेक लोक हेच कापतात, आणि कामाची माहिती नेमकी तिथेच असते. टीप शेवटच्या पानावर असेल तर त्याचाही फोटो हवा. क्यूआर कोड असेल तर फोटोची गरजच नाही, वेबपानावरचा मजकूर सरळ उचलता येतो.

भाषांतराच्या आधी फोटोतला इटालियन मजकूर फोनने वाचून वेगळा काढा आणि तो फोटोशी ओळीने ताडून पाहा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. ‘पोल्लो’ म्हणजे कोंबडी आणि ‘पोल्पो’ म्हणजे ऑक्टोपस, रोमन लिपीत दोन्हींत एकाच अक्षराचा फरक. ‘पेशे’ म्हणजे मासा, ‘पेस्के’ म्हणजे पीच फळं, तिथेही एकच अक्षर जास्त. कार्डावर घडी पडली असेल किंवा फळ्यावर खडूने लिहिलं असेल तर फोन यात सहज गडबडतो, आणि एकदा चुकीचा शब्द आत गेला की पुढचं भाषांतर बिनचूक होऊनही उपयोग नाही. चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे विभाग. भाज्यांच्या यादीत कोंबडी किंवा गोडाच्या यादीत मासा दिसला, तर मूळ फोटो मोठा करून पाहा.

हा इटालियन मजकूर पुसू नका. तयार पानावर प्रत्येक पदार्थाची मूळ ओळ रोमन लिपीत राहिलीच पाहिजे. वेटरला बोट ठेवून दाखवायला तीच लागते.

शीर्षकं: शब्द नव्हे, काम सांगा

इटालियन जेवण टप्प्यांनी येतं, आणि शीर्षकं त्या टप्प्यांची नावं असतात. ‘प्रीमी’ म्हणजे पहिले, ‘सेकोन्दी’ म्हणजे दुसरे. ‘पहिले पदार्थ’ असं लिहिलं की आपल्याला स्टार्टर वाटतं, पण तिथे असतात पास्ता, ञोक्की म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, आणि भाताचे पोटभरीचे प्रकार. स्टार्टर म्हणजे ‘आंतिपास्ती’. मग शीर्षकं अशी करा: आंतिपास्तीला ‘सुरुवातीचं’, प्रीमीला ‘पास्ता आणि भात’, सेकोन्दीला ‘मांस-मासे’, कोन्तोर्नीला ‘भाज्या’, दोल्चीला ‘गोड’.

सेकोन्दीखाली एक वाक्य जरूर घाला: ‘यासोबत भाजी किंवा बटाटे येत नाहीत, वेगळे मागवायचे.’ नाहीतर सव्वाशे ग्रॅम मांसाचा एकटा तुकडा पाहून पाहुणे गोंधळतात. शाकाहारी माणसाने मात्र कोन्तोर्नीपासून वाचायला सुरुवात करावी, जेवण बरंचसं तिथेच सापडतं. पण तिथेही एक सापळा आहे, त्याकडे येतो.

नाव ठेवायचं की फोडायचं

माझी कसोटी एकच आहे. नाव वाचून पदार्थात काय आहे ते कळतं का? कळत असेल तर मराठी करा. नसेल तर नाव जसंच्या तसं ठेवा आणि खाली साध्या मराठीत एक ओळ लिहा.

‘पोल्लो कोन इ पेपेरोनी’ हे पहिल्या जातीचं. त्यात कोंबडी आहे आणि पेपेरोनी आहे, नावात लपलेलं काही नाही. ‘ढोबळी मिरची घातलेली कोंबडी’ असं सरळ मराठी करा. पेपेरोनी हा शब्द पाहून थबकू नका. अमेरिकेतल्या पिझ्झ्यावरच्या सॉसेजच्या चकत्यांना ते नाव असलं तरी इटलीत पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची. तसंच ‘चिकोरिया रिपास्साता’. चिकोरी नावाची कडसर पालेभाजी उकडून लसूण, तिखट मिरची आणि ऑलिव्ह तेलात परतलेली. आपण तिला ‘लसणीवर परतलेली पालेभाजी’ म्हटलं तर कुणाची फसगत होत नाही, उलट मावशी ती आनंदाने मागवते.

दुसऱ्या जातीत सालतिम्बोक्का, कार्बोनारा, तिरामिसू, त्सुप्पा इंग्लेजे. यांचा अर्थ फोडून सांगणं गंमत म्हणून ठीक आहे, ऑर्डर देताना त्याचा उपयोग शून्य. नाव देवनागरीत ठेवा आणि खाली घटक लिहा. कार्बोनाराला ‘कोळसेवाल्यांचा पास्ता’ केलंत तर तो मेनूकार्डावर सापडणार नाही, आणि त्यात अंडं आणि डुकराचं मांस आहे हेही कळणार नाही.

तिसरी जात मधली, आणि रोममध्ये तीच सगळ्यात जास्त. ‘आल्ला’ अमुक, म्हणजे अमुक पद्धतीचं. इथे पद्धतीचं नाव तसंच ठेवायचं, मुख्य घटक मराठीत आणायचा आणि ती पद्धत म्हणजे काय ते सांगायचं. ‘कार्चोफी आल्ला जुदीया’ म्हणजे रोमच्या ज्यू वस्तीत रूढ झालेल्या पद्धतीचं, अख्खं तळलेलं आर्टिचोक. आर्टिचोकला मराठी प्रतिशब्द ओढूनताणून आणू नका. ‘काटेरी झाडाची न उमललेली मोठी कळी, पाकळ्या कुरकुरीत होईपर्यंत तळलेली’ एवढं पुरतं. ‘कोदा आल्ला वाच्चिनारा’ मात्र अर्धं सोडून चालणार नाही. कोदा म्हणजे शेपूट, इथे बैलाची. वाच्चिनारी म्हणजे जनावरं कापणारे कामगार. रोमच्या तेस्ताच्चो भागात 1975 पर्यंत मोठा कत्तलखाना होता. चांगलं मांस पैसेवाल्यांकडे जायचं आणि शेपूट, आतडी, जठर असं उरलेलं कामगारांच्या घरी शिजायचं. आजही रोमच्या मेनूवर हे पदार्थ मानाने असतात, आणि त्यांच्या नावांवरून आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही. ‘रिगातोनी कोन ला पायाता’ हे कानाला गोड लागतं. त्यात दूध पिणाऱ्या वासराची आतडी असतात.

राहिला आपल्याकडच्या पदार्थाचं नाव देण्याचा मोह. रिसोत्तोला ‘इटालियन खिचडी’ म्हणू नका. त्यात डाळ नसते आणि भात बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. खिचडी म्हटलं की वाचणारा ते शाकाहारी धरूनच चालतो. आपला शब्द वापरायचा तर कृती खरोखर तीच असली पाहिजे. ‘फियोरी दी त्सुक्का’ला ‘भोपळ्याच्या फुलांची भजी’ म्हणायला माझी हरकत नाही. फूल पिठात बुडवून तळतात, कोकणातल्या माणसाला ते वेगळं समजवावंच लागत नाही. पण रोममध्ये त्या फुलाच्या आत मोझ्झारेल्ला चीज आणि अलीची, म्हणजे खारवलेले बारीक मासे, भरलेले असतात. म्हणून नाव भज्यांचं, आणि लगेच पुढे माशांची सूचना.

लपलेलं मांस शोधणं

वेगळ्या काढलेल्या इटालियन मजकुरात पुढचे शब्द शोधा. भाषांतरात नव्हे, मूळ मजकुरात.

```
manzo  vitello  vitella  coda  trippa  pajata
maiale  guanciale  pancetta  prosciutto  lardo  strutto  cotiche
acciughe  alici  tonno  baccalà
uovo  uova
brodo  ragù
```

पहिली ओळ गाय, बैल आणि वासराची. दुसरी डुकराची: त्यात ग्वांचाले म्हणजे गालाचं खारवलेलं मांस, लार्दो आणि स्त्रुत्तो म्हणजे चरबी, कोतीके म्हणजे कातडी. तिसरी माशांची, चौथी अंड्यांची. शेवटच्या ओळीत ब्रोदो हे बहुधा मांस उकळलेलं पाणी आणि रागू हा बहुधा खिम्याचा रस्सा. पान लिहिताना नुसतं ‘मांस’ लिहू नका, प्राण्याचं नाव लिहा. ‘मटण’ हा शब्द फक्त कोकराच्या पदार्थाला ठेवा, कारण मराठीत मटण म्हटलं की बोकड-मेंढीच डोळ्यासमोर येते.

यानंतर पदार्थांपुढचे बारीक आकडे वाचा. युरोपीय संघाच्या 2011 च्या 1169 क्रमांकाच्या नियमानुसार, ॲलर्जी होऊ शकणाऱ्या 14 घटकांची माहिती हॉटेलाने द्यावीच लागते. बरीच हॉटेलं ती नावापुढे आकड्यांनी देतात. नियमाच्या यादीच्या क्रमाने 1 म्हणजे गहू वगैरे ग्लूटेन असलेली धान्यं, 3 अंडी, 4 मासे, 7 दूध, 8 काजू-बदामाच्या जातीची फळं. काही ठिकाणी क्रम बदललेला असतो, म्हणून तळाच्या टिपेचा फोटो हवा असं वर म्हटलं.

हे आकडे किती उपयोगी पडतात ते भोपळ्याच्या फुलांवरून दिसतं. कार्डावर नुसतं ‘फियोरी दी त्सुक्का फ्रीत्ती’, म्हणजे तळलेली भोपळ्याची फुलं, एवढंच लिहिलेलं असतं. माशाचा उल्लेखच नाही. पण पुढे 1, 4, 7 असे आकडे असले की पीठ, मासे, दूध असं सगळं बाहेर येतं. ‘पुन्तारेल्ले’ या कच्च्या पाल्याच्या सॅलडचंही तेच: नाव भाजीचं, पण वरून लसूण, व्हिनेगर आणि अच्चूगे मासे वाटून घातलेले. तिथे 4 दिसतो.

आणि आता तो कोन्तोर्नीतला सापळा. ‘फाजोली कोन ले कोतीके’. फाजोली म्हणजे शेंगांचे दाणे, राजम्याचे भाऊबंद. भाज्यांच्या यादीत, स्वस्त, टोमॅटोच्या रश्शात. पण कोतीके म्हणजे डुकराची कातडी. इथे आकडे मदतीला येत नाहीत, कारण डुकराचं किंवा गाईचं मांस त्या 14 घटकांत नाहीच. आकड्यांवरून मासे आणि अंडी सापडतात, मांस नाही. ते वरच्या शब्दांच्या यादीनेच शोधावं लागतं.

चीजचं काय, हा प्रश्न काटेकोर शाकाहारी माणूस विचारतोच. रोमच्या पास्त्यांत घातलं जाणारं पेकोरीनो रोमानो कोकराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने, बनतं, आणि पार्मिजानो रेज्जानोला वासराचं रेनेट लागतं. म्हणजे ‘काचो ए पेपे’, नुसतं चीज आणि मिरपूड घातलेला पास्ता, दिसायला अगदी निर्धोक असला तरी त्यात पेकोरीनो आहेच. कुणाला हे चालतं, कुणाला नाही. तुम्ही ठरवू नका, ओळीत लिहून ठेवा.

देवनागरीत कसं लिहायचं

नाव देवनागरीत लिहिण्याचा हेतू इतकाच की वाचणाऱ्याने मोठ्याने वाचलं तर वेटरला कळावं. यात मराठी लिपी इंग्रजीपेक्षा फार सोयीची आहे. ब्रुस्केत्ता लिहिलं की कुणी ‘ब्रुशेटा’ म्हणत नाही. जोडाक्षरं घालायला कचरू नका, इटालियनमध्ये दुप्पट व्यंजन खरोखर जोर देऊन उच्चारतात. त आणि द दंत्य असतात, म्हणून ट-ड ऐवजी त-द लिहा. ‘ञोक्की’तला ञ आपल्याकडे बाराखडीबाहेर क्वचितच भेटतो, इथे तो कामाला येतो. ज्यांना अडखळायला होईल त्यांच्यासाठी ‘न्योक्की’ लिहा, चालतं. मात्र पिझ्झा आणि पास्ता यांची रुळलेली रूपं सुधारायला जाऊ नका.

एक पान, तयार

एका नेहमीच्या रोमन मेनूतल्या काही ओळी घेतल्या तर तयार पान असं दिसेल. प्रत्येक ओळीच्या वर मूळ रोमन लिपीतली ओळ असेल, ती इथे गाळली आहे.

*सुरुवातीचं*
सुप्ली: टोमॅटोतल्या भाताचा तळलेला गोळा, आत चीज. भातात बहुधा खिमा असतो. विचारा.
भोपळ्याच्या फुलांची भजी: आत चीज आणि मासे. ‘माशांशिवाय’ मागता येतील का ते विचारा.
कार्चोफी आल्ला जुदीया: अख्खं तळलेलं आर्टिचोक. शाकाहारी.

*पास्ता आणि भात*
काचो ए पेपे: चीज आणि भरपूर मिरपूड. चीजमध्ये कोकराचं रेनेट.
अमात्रिचाना: टोमॅटो, चीज, डुकराच्या गालाचं मांस.
कार्बोनारा: अंडं, चीज, डुकराच्या गालाचं मांस.
पास्ता ए चेची: काबुली चणे आणि पास्त्याचा दाट रस्सा. फोडणीत मासे असू शकतात. विचारा.

*मांस-मासे (भाजी वेगळी मागवा)*
सालतिम्बोक्का आल्ला रोमाना: वासराचे पातळ काप, वर डुकराचं खारवलेलं मांस आणि सेज नावाच्या झाडाचं पान.
अब्बाक्यो आ स्कोत्तादीतो: कोवळ्या कोकराच्या मटणाच्या भाजलेल्या चापा.
ढोबळी मिरची घातलेली कोंबडी.

*भाज्या*
लसणीवर परतलेली पालेभाजी: शाकाहारी, तिखटसर.
फाजोली कोन ले कोतीके: दाण्यांची उसळ, पण डुकराच्या कातडीसकट.

*गोड*
तिरामिसू: कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि चीजचं क्रीम. कच्चं अंडं, कधीकधी मद्यही.
पान्ना कोत्ता: सायीचं घट्ट पुडिंग. जिलेटिन, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यातलं.

‘सुप्ली’ आणि ‘पास्ता ए चेची’पुढे ‘शाकाहारी’ न लिहिता ‘विचारा’ लिहिलं आहे, कारण या पदार्थांची कृती हॉटेलागणिक बदलते. खात्री नसताना हिरवी खूण करू नका. जैन पाहुणे असतील तर लसूण-कांद्यासाठी आणखी एक खूण लागेल. मग पिझ्झ्यातली ‘मारिनारा’ही हातची जाते. नाव समुद्रावरून असलं तरी तिच्यात मासा नसतो, चीजही नसतं, फक्त टोमॅटो, ओरेगानो, तेल आणि लसूण. लसूण चालणाऱ्या शाकाहारी माणसासाठी मात्र ती सगळ्यात भरवशाची.

पानाच्या तळाशी विचारायची दोन वाक्यं देवनागरीत लिहून द्या. ‘चे कार्ने?’ म्हणजे यात मांस आहे का. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा’ म्हणजे मांस, मासा, अंडं नको. फक्त ‘कार्ने’ विचारून थांबू नका. बऱ्याच वेटरांच्या लेखी मासा आणि हॅम हे मांसात मोडत नाहीत, आणि तुम्हाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असं उत्तर मिळतं.

किमतींपाशी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. ‘कोपेर्तो’ किंवा ‘पाने’ म्हणून माणशी काही युरो लावलेले असतात. तो पदार्थ नाही, पाव आणि टेबलासाठी घेतलेले पैसे आहेत, म्हणून तो पदार्थांच्या यादीत न घेता तळाशी लिहा. आणि माशापुढे ‘एत्तो’ हा शब्द असेल तर लिहिलेली किंमत 100 ग्रॅमची असते. अख्खा मासा 600 ग्रॅमचा आला तर बिल सहापट. भाषांतरात हा शब्द बऱ्याचदा गळून जातो आणि मासा कोंबडीपेक्षा स्वस्त दिसायला लागतो. तसं दिसलं की मूळ फोटोकडे परत जा. नावापुढे चांदणी असेल तर ती आवडीची खूण नव्हे, पदार्थ गोठवलेल्या मालाचा आहे असं तळाच्या टिपेत लिहिलेलं असतं.